प्रार्थनासभेतले भाषण ऐकून गैरहजर पालकांसाठी सूचना कशी लिहावी

वडोदऱ्यातल्या एका मराठी शाळेच्या कार्यालयात मी बरीच वर्षे काम करते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एका शनिवारी सकाळच्या प्रार्थनासभेला आमच्याकडे पालकांनाही बोलावतात. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्या दहा-पंधरा मिनिटे बोलतात. कुणी मकरपुरा जीआयडीसीत पहिल्या पाळीला असतो, कुणाच्या घरी आजारपण असते. त्यामुळे तिसरा हिस्सा पालक येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी भाषणाचे रेकॉर्डिंग ऐकून अर्ध्या पानाची सूचना काढायची असते, आणि नवीन आलेल्या लिपिकाच्या किंवा शिक्षिकेच्या हाती पहिल्याच महिन्यात हे काम येते.

भाषण लहान केले की सूचना झाली, असे नव्या माणसाला वाटते. तसे होत नाही. मैदानात उभ्या असलेल्या पालकाला बाईंचा हात दिसतो, फळा दिसतो, शेजारच्याला विचारता येते, आणि आज कोणता वार आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. घरी राहिलेल्याकडे यातले काहीच नसते. म्हणून सूचना लिहिताना भाषणातले बरेचसे वगळावे लागते आणि भाषणात कधीच न उच्चारलेले थोडेसे घालावेही लागते. हे घालायचे थोडेसे कुठून आणायचे, यावरच पुढचे बरेचसे लेखन आहे.

उदाहरणाला एकच भाषण घेते, उत्तरायणाच्या आधीच्या शनिवारचे, १० जानेवारी २०२६चे. लांबी साडेबारा मिनिटे. पाचवी ते आठवीच्या ८४ घरांना बोलावले होते, त्यातली ३१ आली नाहीत.

रेकॉर्डिंग हाती आल्यावर आधी काय करायचे

आमच्याकडे पी.टी.चे सर त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करतात. फोन भोंग्यासमोर धरला तर आवाज मोठा येतो, पण फाटतो आणि भिंतीवरून परत आलेला नाद त्यात मिसळतो. फोन व्यासपीठावर, बाईंच्या माईकपासून दोनेक हातांवर ठेवला तर आवाज लहान पण स्वच्छ मिळतो. लहान आवाज मोठा करता येतो, फाटलेला दुरुस्त करता येत नाही. सरांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

फाइल मिळाली की तिला तारखेचे नाव द्या आणि कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवा. मग कागद-पेन्सिल घ्या, इअरफोन लावा आणि एकदा न थांबता सगळे ऐका. या पहिल्या फेरीत काही लिहून घेऊ नका, फक्त कोणत्या मिनिटाला कोणता विषय सुरू झाला तेवढे टिपा. माझा त्या दिवशीचा कागद असा होता:

०:०० स्वागत, सुविचार
१:१० मांजा, पक्षी, गेल्या वर्षीची जखम
५:५० दोन मुलांना उभे केले
६:३० सुट्टी
७:०५ दरवाजा
८:२० सहल
१०:४० देणगीदारांचे आभार
११:३० समारोप

मांज्याला जवळपास पावणेपाच मिनिटे दिली होती, सुट्टीला जेमतेम अर्धे मिनिट. नवा माणूस याच मापाने सूचना लिहायला बसतो. भाषणातला वेळ आणि सूचनेतली जागा यांचा काही संबंध नाही. सुट्टीबद्दल अर्धे मिनिट पुरते कारण समोरच्यांना ती अर्धी ठाऊकच असते. मांज्यासाठी पाच मिनिटे लागतात कारण तिथे मुलांचे मन वळवायचे असते. मन वळवण्याचे काम बाईंनी केले. पालकाला आता फक्त काय करायचे ते कळले पाहिजे.

दुसऱ्या फेरीत भाषण थांबवत ऐका आणि फक्त चार प्रकारच्या गोष्टी शब्दशः उतरवा: तारीख-वार, वेळ, रक्कम, आणि ‘हे करा’ किंवा ‘हे करू नका’ असे वाक्य. समोर मिनिट-सेकंद लिहा, कारण नंतर शंका आली तर तेवढेच परत ऐकायचे असते. साडेबारा मिनिटांतले असे माझे फक्त तेरा ओळींत मावले.

काले, पुढचा शनिवार आणि इतर चकवे

बडोद्याच्या मराठीत गुजराती इतकी मुरलेली आहे की आपल्याला ती जाणवतसुद्धा नाही. बोलताना काही अडत नाही, कागदावर मात्र अडते.

सर्वांत मोठा चकवा ‘काले’. गुजरातीत हा शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही लागतो आणि येणाऱ्यालाही. सोबत क्रियापद असेल तर प्रश्न सुटतो. ‘काले फॉर्म दिलेत’ म्हणजे कालच, ‘काले कॉन्ट्रॅक्टर येणार’ म्हणजे उद्याच. क्रियापद नसलेल्या वाक्यात मात्र आपण फसतो. बाई ९:१५ला म्हणाल्या, “फॉर्मचा काले शेवटचा दिवस.” काल, म्हणजे शुक्रवारी ९ तारखेला, की उद्या ११ला? मी थांबून कॅलेंडर पाहिले. ११ला रविवार, शाळा बंद. त्यामुळे ‘उद्या’ संभवत नाही, असा अंदाज बांधला. पण अंदाजावर सूचना काढायची नसते, म्हणून पुढचे वीस सेकंद पुन्हा ऐकले. तिथे उत्तर होते: “राहिलेल्यांनी मंगळवारपर्यंत द्या.” म्हणजे मुदत शुक्रवारीच संपली होती आणि राहिलेल्यांना १३ तारखेपर्यंत सवलत होती. गैरहजर पालकाला शुक्रवारचा इतिहास नको. त्याच्यासाठी एकच तारीख खरी, मंगळवार १३ जानेवारी.

दुसरा चकवा शुद्ध मराठीच आहे. ८:३०ला बाई म्हणाल्या, “सहल पुढच्या शनिवारी.” आज शनिवार. मग पुढचा शनिवार म्हणजे १७ की २४? मी तीन जणींना विचारले, दोघी १७ म्हणाल्या, एक २४ म्हणाली. ‘येत्या शनिवारी’ म्हटले असते तर १७ नक्की धरता आले असते. ‘पुढच्या’ने मात्र दोन्ही चालते. अशा ठिकाणी बहुमत घेऊ नका, बाईंनाच विचारा. त्यांचे उत्तर २४ होते.

‘रजा’ हा तिसरा. “चौदा-पंधराला रजा,” बाई म्हणाल्या. आपण इथे सणाच्या सुट्टीलाही रजा म्हणतो, कारण गुजरातीत तोच शब्द आहे. मराठीत रजा म्हणजे कामावरून मागून घेतलेली सवड. लेखी सूचनेत ‘सुट्टी’च लिहा. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाने ‘रजा’ वाचून ती मिळवायला अर्ज करावा लागतो का, असे मला खरोखर विचारले होते. ‘झांप्या’चेही तसेच. बडोद्यात जन्मलेल्याला तो लगेच कळतो, नवख्याला कळत नाही. तिथे मी ‘दरवाजा’ लिहिते. मात्र कमाटी बाग बदलून ‘सयाजीबाग’ करत नाही. सरकारी नाव सयाजीबाग हेच बरोबर आहे, पण रिक्षावाल्या काकांपासून आजीपर्यंत सगळे कमाटी बागच म्हणतात. सूचना वाचणाऱ्याने तिच्यावरून योग्य जागी पोचायला हवे.

माझ्या हातून घडलेली एक चूक इथे सांगते. दुसऱ्या वर्षी मी भाषणातले ‘उद्या’ जसेच्या तसे सूचनेत ठेवले. भाषण शुक्रवारी झाले, कागद शनिवारी वाटला गेला. कागदावरच्या ‘उद्या’चा अर्थ वाचणाऱ्यांनी त्यांच्या दिवसापासून धरला आणि सात मुले परीक्षेचा फॉर्म घेऊन बंद शाळेच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून उद्या, परवा, आठ दिवसांत, पुढच्या आठवड्यात हे शब्द मी सूचनेत येऊच देत नाही. वार, तारीख, महिना हे तिन्ही दर वेळी लिहिते. वार आणि तारीख यांचा मेळ नसेल तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते, म्हणून दोन्ही हवेत.

सत्तर की सतरा

आकड्यांचा घोटाळा कानात होतो. मराठीत सत्तर आणि सतरा, सात आणि साठ, एकोणीस आणि एकोणतीस या जोड्या भोंग्यातून आल्या की एकमेकींत मिसळतात. सत्तरमध्ये जोडाक्षरावर जोर पडतो आणि शेवट तुटक असतो; सतरा शेवटी लांबतो. पण मैदानात भिंतीवरून येणारा नाद प्रत्येकच शब्दाची शेपटी लांबवतो. सहलीचे पैसे बाईंनी ८:५०ला सांगितले. मी सहा वेळा ऐकले, तीन वेळा ‘एकशे सत्तर’ वाटले, तीन वेळा ‘एकशे सतरा’.

वेग पाऊण केला तर शब्द सुटे होतात, पण इथे त्याचाही उपयोग झाला नाही. पुढे ९:४०ला बाई म्हणाल्या, “शंभराच्या दोन नोटा देणार असाल तर तीस परत मिळतील, पण सुटे आणलेत तर वर्गाच्या बाईंना बरं.” दोनशेतून तीस गेले, एकशे सत्तर. भाषणात एकच गोष्ट बहुतेक दोनदा येते, एकदा सरळ आणि एकदा उदाहरणातून. ती दुसरी जागा शोधा, सहाव्यांदा तेच ऐकण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. तरीही आकडा बाईंकडून पक्का करून घ्यायचाच.

वेळेबद्दल एवढेच: “पावणेआठला हजर” हे सूचनेत ‘सकाळी ७:४५’ होते. पावणे, सवा, साडे हे शब्द मोठ्यांना पाठ असतात, पण पुष्कळ घरांत सूचना मूल वाचून दाखवते. पाचवीतल्या मुलाचा पावणेआठ आणि सव्वाआठमध्ये घोळ होतो.

हात कुठे दाखवला होता

आता त्या भाषणातली सर्वांत अवघड जागा. ७:०५पासूनचे शब्द जसेच्या तसे देते:

“आणि सोळापासून हा झांपा बंद. काम सुरू होतंय. समजलं ना? इकडून कोणी येणार नाही, तिकडून यायचं. रिक्षावाल्या काकांना पण सांगा, त्यांनी तिकडेच उभं राहायचं, इथे गर्दी नको. शक्यतो पालकांनी पहिले दोन दिवस स्वतः सोडायला यावं.”

मैदानातल्या सगळ्यांना हे पूर्ण कळले, कारण बाईंचा हात आधी पुढच्या मोठ्या दरवाजाकडे आणि मग पाण्याच्या टाकीकडे गेला. रेकॉर्डिंगमध्ये हात नाही. मी स्वतः मैदानात होते, त्यामुळे मला ठाऊक होते, आणि तिथेच धोका होता. जे आपल्याला ठाऊक असते ते कागदावर नसल्याचे आपल्या लक्षात येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर कागदावरच्या प्रत्येक ‘हा, तो, इकडे, तिकडे, तिथला, आपला तो’खाली रेघ मारा. प्रत्येक रेघेच्या जागी नाव आले पाहिजे. ‘हा झांपा’ म्हणजे पुढचा मुख्य दरवाजा. ‘तिकडून’ म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचा, मागच्या गल्लीतला लहान दरवाजा. त्याच भाषणात ३:२०ला “पक्षी जखमी दिसला तर बोर्डावरच्या नंबरला फोन करा” असे होते. बोर्डावर १९६२ लिहिले होते, गुजरातमधल्या पशुपक्ष्यांच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक. मैदानात नसलेल्याला बोर्ड दिसणार नाही, क्रमांकच द्यायला हवा.

या उताऱ्यात आणखी एक नाजूक शब्द आहे, ‘शक्यतो’. सूचना आखूड करताना हाच शब्द सर्वांत आधी गळतो. “शक्यतो पालकांनी सोडायला यावं” याचे “पालकांनी सोडायला यावे” झाले की विनंतीचा हुकूम होतो. सकाळची पाळी असलेला बाप मग एका दिवसाचा पगार बुडवून दारात येतो, किंवा न येता अपराधी होतो. मी दुसऱ्या फेरीतल्या प्रत्येक ओळीसमोर एक अक्षर लिहिते: ‘ह’ म्हणजे हुकूम, ‘वि’ म्हणजे विनंती, ‘बो’ म्हणजे अजून बोलणे चाललेले. हुकूम सूचनेत ‘करावे’ने संपतो. विनंतीला ‘शक्य असल्यास’ लागते. बोलणे चाललेले सूचनेत येतच नाही. सहलीच्या भागात बाई म्हणाल्या होत्या, “बससाठी बोलणं चाललंय, बहुतेक होईल.” ‘बस मिळेल’ असे सूचनेत लिहिले आणि बस ठरली नाही, तर तो शब्द शाळेचा होतो, सही बाईंची असते. ती ओळ मी सोडली.

काय सोडायचे

स्वागत, सुविचार, समारोप आणि देणगीदारांचे आभार सोडायचे, हे कुणालाही कळते. ५:५०च्या नोंदीवर मात्र दोन शब्द लिहिते. दोन मुलांनी वर्गात मांज्याची फिरकी आणली होती, बाईंनी त्यांना नाव घेऊन उभे केले. ते मैदानात होऊन गेले, तिथेच राहू द्या. सूचनेत नाव तर नाहीच, पण ‘सातवीतल्या दोन मुलांनी’ असेही नको, कारण सातवीची पालकमंडळी तासाभरात नावे शोधून काढतात. गेल्या वर्षी मांज्याने गळा कापलेल्या मुलीचा उल्लेखही तसाच गाळायचा. याच कारणासाठी मूळ रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कुणी मागितले तरी नाही म्हणा आणि सूचना पाठवा.

मांज्याच्या पावणेपाच मिनिटांतून मी तीन गोष्टी घेतल्या. बाई ‘चायनीज मांजा’ म्हणाल्या होत्या, बाजारातही तेच नाव चालते. सूचनेत मी ‘नायलॉनचा मांजा’ लिहिले. दुकानदार “हा चायनीज नाही, इथलाच आहे” असे सांगून नायलॉनच विकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली जी बंदी घातली ती नायलॉन व इतर कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर आहे, तो कुठे बनला यावर नाही. बाईंना मी हा बदल दाखवला, त्यांनी मान्य केला. शब्द बदलण्याची मुभा तुम्हाला एवढीच: अर्थ पक्का होत असेल तर, आणि बोलणाऱ्याला दाखवून.

बाईंकडे जाताना

“बाई, जरा बघून घ्या,” म्हणून कागद पुढे केला तर त्या वरवर पाहून सही करतील. शनिवारी त्यांच्यासमोर वीस माणसे उभी असतात. त्यापेक्षा नेमके प्रश्न एका चिठ्ठीवर न्या, उत्तर एका शब्दात देता येईल असे. माझे त्या दिवशीचे चार होते:

सहल शनिवार १७ की २४?
रक्कम १७० बरोबर?
दरवाजा किती तारखेपर्यंत बंद?
‘पहिले दोन दिवस सोडायला यावं’ ही विनंती की सक्ती?

उत्तरे: २४. हो. “काम कधी संपेल आत्ता सांगता येणार नाही.” विनंती. तिसऱ्या उत्तरामुळे सूचनेत ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ आले. ते भाषणात नव्हते, पण कागद वाचणाऱ्याला पडणारा पहिलाच प्रश्न तो होता. बाईंनी न सांगितलेले आपल्या मनाने घालायचे नाही, विचारून घालायचे.

प्रश्नोत्तरांची चिठ्ठी सूचनेच्या कार्यालयीन प्रतीला टाचून ठेवा.

सूचना

क्रम भाषणाचा ठेवू नका. ज्या गोष्टीची तारीख सर्वांत आधी येते ती वर. पालक पहिली दोन वाक्ये नक्की वाचतो, पुढची वाचेलच असे नाही. म्हणून भाषणात शेवटी आलेली सहल माझ्याकडे पहिली आली, कारण तिचे पैसे मंगळवारी द्यायचे होते. तयार झालेली सूचना अशी:

> सूचना
> जा. क्र. ____  दिनांक : १० जानेवारी २०२६
> प्रति, पालक, इयत्ता ५वी ते ८वी
>
> आजच्या प्रार्थनासभेला येऊ न शकलेल्या पालकांसाठी :
>
> १. सहल : शनिवार, २४ जानेवारी, कमाटी बाग व तेथील संग्रहालय. मुलांनी सकाळी ७:४५ वाजता शाळेत हजर राहावे. परत येण्याची वेळ दुपारी १२:३०. संमतीपत्र व १७० रुपये (शक्यतो सुटे) मंगळवार, १३ जानेवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावेत.
>
> २. सुट्टी : बुधवार, १४ व गुरुवार, १५ जानेवारी (उत्तरायण व वासी उत्तरायण). शुक्रवार, १६ जानेवारीला शाळा नेहमीच्या वेळेला भरेल.
>
> ३. दरवाजा : शुक्रवार, १६ जानेवारीपासून पुढील सूचना मिळेपर्यंत पुढचा मुख्य दरवाजा बंद राहील. मुलांनी पाण्याच्या टाकीजवळच्या, मागच्या गल्लीतील दरवाजाने यावे. रिक्षा-व्हॅनच्या चालकांनाही तेथेच थांबण्यास सांगावे. शक्य असल्यास पहिले दोन दिवस पालकांनी स्वतः सोडायला यावे.
>
> ४. पतंग : नायलॉनचा मांजा वापरू नये, त्यावर बंदी आहे. सणानंतर गच्चीवर व झाडांवर राहिलेली दोरी मोठ्यांच्या मदतीने गोळा करून १६ जानेवारीला शाळेत जमा करावी. जखमी पक्षी दिसल्यास १९६२ वर फोन करावा.
>
> मुख्याध्यापिका (सही व शिक्का)
>
> – – – – – – – – – –
> सूचना वाचली. विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता : ________ पालकाची सही : ________
> (हा भाग कापून सोमवार, १२ जानेवारीला परत पाठवावा.)

साडेबारा मिनिटांचे भाषण अर्ध्या पानावर आले. ‘मोठ्यांच्या मदतीने’ हे शब्द बाईंचेच आहेत, ४:३५ला. ते गाळले असते तर मुलांना झाडावर चढा असे सांगितल्यासारखे झाले असते.

छापण्यापूर्वी एक चाचणी घ्या. जो मैदानात नव्हता अशा कुणाला तरी कागद वाचायला द्या आणि दोन प्रश्न विचारा: शुक्रवारी मूल कोणत्या दाराने येईल, आणि मंगळवारी त्याच्यासोबत काय पाठवायचे. आमच्या शिपाईकाकांनी पहिल्या मसुद्यात ‘मागचा दरवाजा’ वाचून विचारले, “संडासाकडचा की टाकीकडचा?” मागच्या बाजूला दोन दारे आहेत हे मी विसरले होते. ‘मागच्या गल्लीतील’ आणि ‘टाकीजवळच्या’ हे दोन्ही शब्द त्यांच्यामुळे एकत्र आले.

पोचवणे

सूचना कधी निघाली पाहिजे हे तिच्यातली पहिली तारीख ठरवते. इथे १३ होती, मध्ये रविवार. म्हणून शनिवारी दुपारीच ती ३१ घरांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. कागदाचा फोटो नाही, टाइप केलेला मजकूर पाठवला, कारण फोटोतली अक्षरे लहान फोनवर वाचता येत नाहीत. ग्रुपवरही नाही, प्रत्येकाला वेगळी, कारण ग्रुपवर टाकली की आलेले पालकही ‘हे पुन्हा काय?’ म्हणून विचारू लागतात. त्याच दिवशी शाळा सुटताना वर्गशिक्षकांमार्फत कागदही गेला. एका ए-४ पानावर दोन सूचना बसतात, १६ पाने पुरली. जावक वहीत नोंद झाली.

सोमवारी शाळा सुटेपर्यंत २६ चिठ्ठ्या परत आल्या. मंगळवारी सकाळी आणखी एक. उरलेल्या चार घरी मी फोन केला. दोघांनी संदेश वाचला होता, फक्त सही राहिली होती. तिसऱ्या घरची आई म्हणाली, “ताई, मला मराठी बोलता येतं, वाचता गुजरातीच येतं.” तिला मी चारही मुद्दे फोनवर वाचून दाखवले आणि पुढच्या वेळेसाठी तिच्या मुलाच्या नावापुढे वहीत ‘गुजराती प्रत’ असे लिहिले. अशी प्रत काढाल तेव्हा ती भाषणावरून नव्याने करू नका, सही झालेल्या मराठी सूचनेवरूनच करा, आणि तारीख, वेळ, रक्कम दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवा. त्या प्रतीत ‘रजा’ लिहायला हरकत नाही.

चौथ्या घरचा फोन लागला नाही. मुलगा सहावीत होता, शेजारच्या इमारतीतली मुलगी आमच्याच आठवीत. मंगळवारी मधल्या सुट्टीत तिच्या हाती कागद दिला, संध्याकाळी त्याच्या आजोबांचा फोन आला, “पैसे आज राहिले, चालेल का?” ती मुदत वाढवणे माझ्या हातात नव्हते. मी त्यांना थांबायला सांगितले आणि बाईंना विचारून कळवले: शुक्रवारी १६ला, मागच्या गल्लीतल्या दरवाजाने येताना, मुलासोबत पाठवा.